“बघते” म्हणजे नेमकं काय : एका शाळेच्या ऑफिसातलं प्रकरण

जळगाव ते पाचोरा अपडाऊन करणाऱ्या माणसाला गाडीपेक्षा जास्त त्रास एका वाक्याचा होतो. “तुम्ही तर येतच आहात, येताना तेवढं घेऊन या.” शिरसोली, म्हसावद, माहेजी करत गाडी पाचोऱ्याला लागेपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांच्या पिशवीत दुसऱ्या कुणाची तरी वस्तू असते. औषध, घड्याळाचा सेल, बँकेचा चेक, कुणाच्या मुलीच्या ॲडमिशनचा कागद. मी गेली अनेक वर्षं एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. शाळा पाचोरा तालुक्यातली; नाव लिहीत नाही. आमच्याच ऑफिसातलं हे प्रकरण, आणि त्यात सल्ला देणारा मी होतो. सल्ल्यातला एक भाग चुकला, तोही इथे लिहिला आहे.

माणसं दोन. एक आप्पा, वरिष्ठ लिपिक, निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेले, पाचोऱ्यातच घर. दुसऱ्या कनिष्ठ लिपिक ताई, तिशीतल्या, जळगावहून रोज येणाऱ्या. ऑफिसची वेळ साडेदहा ते साडेपाच. ताईंची सकाळची गाडी पावणेदहाच्या आधीच पाचोऱ्याला सोडते. संध्याकाळची सोयीची गाडी मात्र साडेपाचच्या आधी निघून जाते आणि त्यानंतरची थेट सातच्या सुमारास. हा गाडीचा घोळ लक्षात ठेवा, सगळं प्रकरण शेवटी त्याच्यावरच येऊन थांबलं.

आप्पा वाईट माणूस नाही. ऑफिसातला सगळा जुना कागद त्यांना पाठ. 1990 सालचा दाखला कुठल्या जनरल रजिस्टरच्या कुठल्या पानावर आहे ते न उठता सांगतील. ताई रुजू झाल्या तेव्हा शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत पगारबिल कसं करायचं, पगारबिलं तपासणाऱ्या जळगावच्या वेतन पथकात कुठला कागद वर ठेवला की फाईल परत येत नाही, हे त्यांना आप्पांनीच शिकवलं. त्यामुळे आप्पांनी पहिल्यांदा काही आणायला सांगितलं, तेव्हा ताईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. आप्पांच्या आईची साखरेची आणि ब्लडप्रेशरची औषधं. जळगावात नवीपेठेतल्या एका दुकानात थोडी स्वस्त मिळतात. “इतलंसं काम शे ताई, येतांना लई येजो.” आप्पा मर्जीत असले की अहिराणीवर येतात, आणि अहिराणीत मागितलं की नाही म्हणणं दुप्पट जड जातं, कारण ते घरातून मागितल्यासारखं वाटतं.

ताई म्हणाल्या, “बघते.”

या “बघते”वर मला जरा थांबायचं आहे. ताईंच्या मनात त्याचा अर्थ होता : आज उशीर होतोय, बहुतेक जमणार नाही, पण तोंडावर कसं सांगू? आप्पांच्या कानाला त्याचा अर्थ लागला : आणतेय. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नकार द्यायचा हाच सभ्य मार्ग मानतात, आणि अडचण अशी की होकार द्यायचा सभ्य मार्गही हाच आहे. लग्नाचं आमंत्रण आलं की आपण “बघू, येतो” म्हणतो. जाणाराही तेच म्हणतो, न जाणाराही. ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ उचलतो. त्यात त्याची लबाडी नसते. शब्दच तसा आहे.

मागणाऱ्याला समोरच्याची कोंडी दिसत नाही, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी 2008 साली अमेरिकेत काही प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, आणि पाच जण मिळायला किती जणांना विचारावं लागेल याचा आधी अंदाज सांगायचा. लोकांनी साधारण वीस सांगितले. प्रत्यक्षात दहा-अकरा पुरले. थोडक्यात, मागणाऱ्याला वाटतं समोरचा सहज नाही म्हणू शकतो, पण तोंडावर नाही म्हणणं किती अवघड जातं ते त्याच्या हिशेबात नसतं. आप्पांना ताईंविषयी तसंच वाटत होतं. नंतर ते मला अगदी मनापासून म्हणाले होते, “अहो, तिला जमत नव्हतं तर बोलायचं ना!”

जूनमध्ये औषधं. जुलैमध्ये वेतन पथकात द्यायचा एक कागद, मग घड्याळ, मग नातवाच्या शाळेच्या बुटांचं माप बदलून आणणं. ताईंनी नकार द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांनी कारणं दिली. ती कारणं आणि त्यांना मिळालेली उत्तरं मी त्यांच्या तोंडून ऐकली तशीच देतो.

“आज माझी गाडी लवकर आहे आप्पा.” “मग उद्या आणा, घाई नाही.”

“मी पोहोचते तोवर दुकान बंद होतं.” “मी फोन करून ठेवतो, थांबेल तो. ओळखीचा आहे.”

तिसरं सगळ्यात भारी. आप्पांच्या मुलीचं मंगळसूत्र वाढलं होतं, म्हणून पोत सराफ बाजाराजवळच्या पटवेकऱ्याकडे गाठवायला टाकली होती. ती आणायची. सोनं अंगावर घेऊन गर्दीच्या गाडीत यायचं ताईंच्या जिवावर आलं. त्या म्हणाल्या, “आप्पा, गाडीत पर्स मारतात, मला भीती वाटते.” आप्पा म्हणाले, “पर्समध्ये कशाला ठेवता? जेवणाच्या डब्यात ठेवा, पोळ्यांच्या खाली. कुणी बघत नाही.”

ताई पोत पोळ्यांखाली घालून घेऊन आल्या. म्हसावदला गाडी थांबली तेव्हा कुणीतरी भूक लागली म्हणून डबा उघडायचा आग्रह करत होतं, ते त्या आता हसत सांगतात. तेव्हा हसत नव्हत्या.

कारण दिलं की ती एक अडचण होते, आणि अडचण सोडवायला आप्पांसारखा माणूस नेहमी तयार असतो. तीस वर्षं ऑफिसात त्यांनी दुसरं काय केलं? ताई नकार देत होत्या आणि आप्पा त्यांना मदत करत होते. दोघांनाही आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटत होतं.

एक गोष्ट मला बाजूला बसून दिसत होती. आमचे प्रयोगशाळा सहायकही जळगावहूनच येतात, त्याच गाडीने, बऱ्याचदा त्याच डब्यात. त्यांना आप्पांनी कधी साधी पेनाची रिफिलही आणायला सांगितली नाही. मी एकदा आप्पांना विचारलं. ते गोंधळले. “त्याला कसं सांगायचं?” एवढंच म्हणाले. लिंडा बॅबकॉक, लीज व्हेस्टरलुंड आणि त्यांच्या दोन सहकारी बायकांनी 2017 साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या कामातून करणाऱ्याला काही मिळत नाही, ते काम स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा पुढे होऊन उचलतात आणि बायकांनाच ते जास्त वेळा सांगितलंही जातं. पण गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा असला की फरक दिसेनासा होतो. फक्त पुरुष असले की तेही तितक्याच वेळा उठतात. म्हणजे स्वभावाचा भाग कमी. इथे उठायचं कुणी हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं.

ऑगस्टमध्ये औषधाचं झालं. आप्पांनी जुन्या पाकिटाचा फोटो मोबाइलवर पाठवला, तो हललेला. ताईंनी दुकानात दाखवला. दुकानदाराने साखरेची गोळी दिली, मेटफॉर्मिनच, पण 1000 ऐवजी 500 ची. पाकीट सारखंच दिसत होतं. आप्पांची आई आठवडाभर निम्मा डोस घेत होती. सूनबाईंनी पाकीट वाचलं तेव्हा कळलं. सुदैवाने साखर थोडी वाढली इतकंच, डॉक्टरांनी पूर्वीची गोळी सुरू केली आणि विषय मिटला. पण आप्पा स्टाफरूममध्ये चार जणांसमोर म्हणाले, “ताई, औषध आणताना जरा वाचून आणायचं असतं.”

ताई त्या दिवशी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, चिठ्ठी डॉक्टरांची नाही, फोटो हललेला, पैसे माझे, वेळ माझा, आणि चूकही माझी?”

मी त्यांना आधी एक काम सांगितलं : जूनपासून काय काय आणलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. माणूस त्रासला की “रोजच” म्हणतो, आणि रोज काही नसतं. यादी निघाली ती 11 आठवड्यांत 17 कामांची. एकेका कामाला सरासरी 40 मिनिटं धरली तर अकरा तासांच्या थोडं वर. आप्पांकडे पैसे बाकी नव्हते, ते प्रत्येक वेळी देत. फक्त रिक्षाचे कधी धरत नसत. यादीत आणखी एक गोष्ट दिसली, जी ताईंच्या लक्षात आली नव्हती. 17 पैकी 4 कामं आप्पांची नव्हतीच, ती शाळेची होती. वेतन पथकात कागद देणं, त्रुटी काढलेली फाईल परत आणणं. ही कामं ताईंनी घरी जाताना, स्वतःच्या वेळेत केली होती. कामासाठी बाहेर जाताना जिथे लिहायचं त्या हालचाल नोंदवहीत त्याची एक ओळ नव्हती. उद्या तो कागद हरवला असता तर तो ताईंकडे का होता याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

त्यामुळे नकार दोन वेगळे द्यावे लागणार होते. आप्पांच्या 13 खासगी कामांना ताई स्वतः नाही म्हणू शकत होत्या, तिथे कुणाला विचारायची गरज नाही. शाळेच्या कामाला मात्र त्या परस्पर नाहीही म्हणू शकत नव्हत्या आणि होही. ते काम कुणाचं हे मुख्याध्यापक ठरवतात.

पहिल्या नकाराचं वाक्य आम्ही ग्रंथालयात बसून तीन वेळा बदललं. ताईंचं पहिलं वाक्य होतं, “आप्पा, सध्या घरी सासूबाईंची तब्येत बरी नसते, त्यामुळे मला थोडं अवघड होतंय.” मी म्हटलं, सासूबाई बऱ्या झाल्या की? ते खोडलं. दुसऱ्यात औषधाच्या प्रसंगाचा उल्लेख होता. तो ठेवला असता तर सगळं बोलणं चूक कुणाची यावर गेलं असतं आणि आप्पांना माफी मागून विषय बंद करायची वाट मिळाली असती. माफी मिळाली असती, पुढच्या महिन्याची चिठ्ठीही मिळाली असती. उरलं ते इतकं साधं होतं की ताईंना ते उद्धट वाटलं : बाजाराची कामं मी यापुढे आणणार नाही. कारण नाही, “सध्या” नाही, “शक्यतो” नाही.

वेळ शनिवारची निवडली. शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला मुलं जातात, ऑफिसात गर्दी नसते आणि आप्पा व्हरांड्यात चहा घेत बसतात. चार लोकांसमोर बोलले म्हणून चार लोकांसमोरच उत्तर द्यावं, असं ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. लोकांसमोर नाही म्हटलं की आप्पांना त्या लोकांसाठी उत्तर द्यावं लागलं असतं. आणखी एक : काही मागितलं जायच्या आधी सांगायचं. हातात चिठ्ठी असताना दिलेला नकार त्या चिठ्ठीला दिलेला होतो, आणि चिठ्ठीत आईचं औषध असेल तर नकार देणारा राक्षस ठरतो.

मी खिडकीतून ऐकत होतो, हे कबूल करतो.

“आप्पा, एक सांगायचं होतं. औषधं आणि बाजाराची कामं मी पुढच्या महिन्यापासून आणणार नाही. या महिन्याची औषधं सोमवारी आणते, तोवर तुम्हाला दुसरी सोय बघता येईल.”

“का? औषधाचं मनाला लावून घेतलं का?”

“नाही आप्पा. मला ते जमत नाही, म्हणून आधीच सांगते.”

मग शांतता. कप खाली ठेवल्याचा आवाज. नंतर ताई म्हणाल्या की त्या दहा-पंधरा सेकंदांत त्यांच्या तोंडावर चार वाक्यं आली होती : “अगदीच अडलं तर सांगा”, “कधीतरी आणेन मी”, “रागावू नका”, “तसं काही नाही हो”. यातलं कुठलंही बोलल्या असत्या तर मागचं वाक्य पुसलं गेलं असतं. त्या बोलल्या नाहीत. आप्पा म्हणाले, “ठीक शे.” उठून आत गेले.

सोमवारी ताईंनी औषधं आणली, डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेऊन. कबूल केलेलं शेवटचं काम नीट करणं गरजेचं होतं, नाहीतर नकार म्हणजे अंग काढणं वाटलं असतं.

दुसरी परीक्षा पंधरा दिवसांत आली आणि ती जास्त अवघड होती. आप्पांकडे यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरच्या विद्यार्थ्यांच्या नोंदीचं काम होतं. हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : शाळेला 11 अंकी यू-डायस कोड असतो, जळगाव जिल्ह्याचा 2703 ने सुरू होतो. त्या कोडच्या लॉगिनमध्ये प्रत्येक मुलाची नोंद असते, आणि मुलाचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी म्हणून कायमचा 12 अंकी क्रमांक, निघायचा तर ती नोंद आधारशी जुळावी लागते. गंमत इथेच आहे. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बऱ्याच मुलांचं नाव आधी. कुठे वडिलांच्या नावात ‘भाऊ’ जोडलेलं, कुठे नाही. कुठे जन्मतारीखच वेगळी. शिवाय पालकांचं संमतिपत्र हवं. आप्पांनी सोपी सगळी नावं केली होती. न जुळणारी 180 उरली होती आणि मुदत जवळ आली होती.

आप्पा यादी घेऊन आले. त्यांच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, मध्ये रोटांचा स्वयंपाक, सगळं भाऊबंद घरी. “ताई, एवढं तुम्ही करून टाका. तुमचा टायपिंगचा हात चांगला. पासवर्ड वहीच्या कव्हरावर लिहिलाय.” आणि मग हळूच : “बाजाराचं तर नाही ना सांगत आता.”

हा टोमणा होता, आणि नेमका होता. आधीच्या नकाराचं ओझं वापरून पुढचा होकार काढायचा. ताई मागे म्हणाल्या, या एका वाक्यामुळे त्या जवळजवळ यादी घेणारच होत्या.

180 नावांचा हिशेब सोपा आहे. एका न जुळणाऱ्या नावाला रजिस्टर काढणं, आधारची प्रत बघणं, गरज पडली तर पालकांना फोन करणं आणि नोंद बदलणं, असं सरासरी दहा मिनिटं धरा. 1800 मिनिटं, म्हणजे 30 तास. ताईंकडे फी, दाखले, शिष्यवृत्ती आणि कॅशबुक सांभाळून दिवसाला फार तर एक तास निघतो. म्हणजे महिन्याहून जास्त कामाचे दिवस. आप्पा जे “एवढं” म्हणाले ते इतकं होतं. वेळेपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे लॉगिन शाळेचं एकच. आत टाइप कुणी केलं हे त्या नोंदीवरून कळत नाही. एखाद्या मुलाची जन्मतारीख चुकीची पडली आणि दोन वर्षांनी दहावीच्या फॉर्मला अडलं, तर काम कागदोपत्री आप्पांचं आणि अक्षर, म्हणजे बोटं, ताईंची. औषधासारखंच पुन्हा.

इथे ताईंनी “करणार नाही” म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “आप्पा, हे काम सरांनी तुमच्या नावावर दिलंय. ते माझ्याकडे घ्यायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. आपण दोघं सरांकडे जाऊ. कानबाईचंही तुम्हीच सांगा, सर ऐकतील.”

“दोघं” हा शब्द त्यात महत्त्वाचा होता. ताई एकट्या गेल्या असत्या तर ती तक्रार झाली असती. आप्पा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, पण आले. सरांसमोर ताईंनी आपल्या चालू कामांची यादी ठेवली आणि विचारलं, “सर, यातलं मी घेतलं तर कुठलं थांबवू?” काम जास्त आहे असं म्हणण्यापेक्षा हा प्रश्न सरांना जास्त अडचणीत टाकतो, कारण त्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

सरांनी यादी वाचायला घेतली तेव्हा निघालं की 180 मधल्या 110 नावांचं काम लिपिकाचं नव्हतंच. आधारची स्पष्ट प्रत किंवा पालकांची संमती आलेली नव्हती, ती वर्गशिक्षकांनी आणायची होती. आप्पा एकटेच सगळ्या पालकांना फोन करत बसले होते, कारण वर्गशिक्षकांना सांगणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणजे नाही म्हणता न येणारे आप्पाही होतेच. उरलेल्या 70 पैकी 40 आप्पांनी आणि 30 ताईंनी करायची, शाळेच्या बाकं-कपाटांसारख्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीचं ताईंचं काम पंधरा दिवस पुढे, असा आदेश वहीत लिहिला गेला आणि दोघांनी सह्या केल्या. कुणी कुठली नावं केली त्याची यादी वेगळी ठेवायची, हे ताईंनी मागून घेतलं. माझ्या मते 30 सुद्धा जास्त होती, पण सरांना दोन्ही बाजूंना काहीतरी द्यायचं होतं.

आता चुकलेला भाग.

आप्पांनी भांडण केलं नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट थांबवली. इतके दिवस ताई साडेपाचऐवजी पाचला निघायच्या, गाडी गाठायला, आणि तो अर्धा तास आप्पा ऑफिस सांभाळायचे. कुणी दाखला मागायला आलं तर “ताई आत्ताच गेल्या, उद्या या” म्हणायचे. सरांनी विचारलं तर काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. हे कधी बोलून ठरलं नव्हतं. शेवटची औषधं आणली त्या सोमवारनंतर आप्पा पाचला म्हणाले, “ताई, आता माझं मी निघतो, ऑफिस तुम्ही बंद करा.” ताईंची गाडी गेली. सातची मिळाली, घरी पोहोचायला साडेआठ. दुसऱ्या दिवशीही तेच.

ताई चिडल्या, सूड घेताहेत म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही. आप्पांच्या हिशेबात औषधं ही त्या अर्ध्या तासाची परतफेड होती. वहीच्या मागच्या पानावर आम्ही ताईंनी केलेली 17 कामं मांडली. आप्पांनी सांभाळलेले रोजचे अर्धे तास मांडलेच नाहीत. शनिवार सोडून 11 आठवड्यांचे पंचावन्न दिवस धरले तर ते सत्तावीस तासांच्या वर होतात. म्हणजे घंट्यांचा हिशेब लावला तर देणं ताईंचंच निघत होतं. तुलना अगदी सरळ नाही, कारण आप्पा ऑफिसात बसणारच होते आणि ताईंना बाजारात जावं लागायचं. पण नकाराचं वाक्य तीनदा बदलणाऱ्या मला हे एकदाही सुचलं नाही, याची लाज वाटते.

पंधरा दिवस ताईंनी सातची गाडी पकडली. त्या काळात आप्पांना “ताई आता साहेब झाल्या” असं म्हणताना मी दोनदा ऐकलं. मग ताई सरांकडे अर्ज घेऊन गेल्या. तशाही त्या पावणेदहालाच शाळेत येऊन बसत आणि साडेदहापर्यंत शिपायाबरोबर गप्पा मारत. अर्जात लिहिलं : दहाला काम सुरू करते, पाचला जाते, तास तेवढेच. सकाळी दहाला दाखल्यासाठी येणारे पालक तसेही खोळंबून असत, त्यामुळे सरांनी लगेच मान्य केलं. ही वाट पहिल्या दिवसापासून उघडी होती. आप्पांची मेहेरबानी होती तोवर ती शोधायची गरजच पडली नव्हती.

औषधांचं म्हणाल तर ती पाचोऱ्यातच मिळतात. थोडी सूट कमी मिळते, एवढंच. आप्पांचा नातू सायकलवर जाऊन आणतो.

दिवाळीनंतर ग्रंथालयात बाइंडिंगचं कापड संपलं. चांगलं कापड जळगावात मिळतं. मी सवयीने ताईंना म्हटलं, “ताई, येताना तीन मीटर आणाल का?”

“नाही भाऊ,” त्या म्हणाल्या. “बाजाराचं मी आणत नाही.”

“अहो, हे काही माझं नाही. शाळेचं काम आहे.”

“मग सरांकडून लिहून आणा. हालचाल नोंदवहीत टाकते आणि आणते.”

मला राग आला. ज्याने त्यांना हे सगळं शिकवलं त्यालाच! तासाभराने मागणीपत्र लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. सही व्हायला दोन दिवस लागले.

कापड निळं आणायचं सांगितलं होतं, ते निळंच आलं.